भाजक चुकला आणि ठाणं बदनाम झालं

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोड्यांच्या बातमीसोबतच्या आलेखातला ठाण्याचा उंच लाल खांब आणि त्याच्याशेजारचा नवी मुंबईचा ठेंगणा निळा खांब परवा पाहिला तेव्हाच पत्र लिहायला घेतलं होतं. काल तुमची खुलाशाची चौकट आली, म्हणून हात आखडता घेतला. म्हटलं, चला, कुणीतरी चूक दाखवली असेल. चौकट वाचली आणि चूक दुपटीने वाढलेली दिसली. पहिल्या दिवशी तुम्ही घरफोड्यांचा लोकसंख्येने भागाकारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी केलात, पण भलत्याच आकड्याने. शाळेत मी पहिल्या चुकीचे निम्मे गुण कापत असे, दुसरीला शून्य देत असे.

तुमचे आकडे पुन्हा इथे छापून मी आणखी कुणाची झोप उडवत नाही. समजायला सोपे, माझ्या मनाचे आकडे घेते. समजा ठाण्यात वर्षाला 2000 घरफोड्या झाल्या आणि नवी मुंबईत 800. तुमच्या वार्ताहराने ठाणे महापालिकेची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या घेतली, 18.41 लाख. नवी मुंबई महापालिकेची घेतली, 11.20 लाख. भागाकार करून ठाण्यात लाखामागे 109 आणि नवी मुंबईत 71 असं उत्तर काढलं. 'लोकसंख्येच्या प्रमाणातही ठाणेच पुढे', छापून मोकळे!

पण त्या 2000 घरफोड्या ठाणे महापालिकेच्या हद्दीतल्या नाहीतच. तो आकडा पोलीस आयुक्तालयाचा आहे, हे तुमच्याच बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. ठाणे आयुक्तालयात ठाण्याबरोबर भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येतं. म्हणजे घरफोडी बदलापूरची, भागायला माणसं नौपाड्याची. बदलापूरकर चोरीपुरते ठाणेकर आणि शिरगणतीला परके!

भाजक नीट मांडू. त्याच जनगणनेचे आकडे लाखांत घेते. ठाणे 18.41, कल्याण-डोंबिवली 12.47, भिवंडी 7.10, उल्हासनगर 5.06, अंबरनाथ 2.53 आणि बदलापूर 1.74. बेरीज 47.31. आता 2000 ला 47.31 ने भागा, लाखामागे 42 येतात. नवी मुंबईचं आयुक्तालयही महापालिकेपुरतं नाही, त्यात पनवेल आणि उरण येतं. पनवेल महापालिका 2016 साली झाली, पण तिच्या हद्दीतली 2011 ची माणसं 5.10 लाखांच्या आसपास होती. ती 11.20 मध्ये मिळवली की 16.30 होतात आणि 800 भागिले 16.30 म्हणजे 49. लाल खांब बुटका झाला आणि निळा त्याच्या डोक्यावरून गेला!

म्हणून 'नवी मुंबई धोकादायक' असा मथळा मात्र उद्या देऊ नका, हात जोडते. उरण आणि भोवतालची गावं मी धरलेली नाहीत, ती धरली की 49 आणखी खाली येईल. ठाण्याकडेही थोडी गावं सुटली आहेत. एवढ्याशा फरकावर कुठल्याच शहराला नाव ठेवता येत नाही. त्या बातमीत बातमी नव्हतीच.

हे सगळं मला इतकं का झोंबलं, तेही सांगते. 2011 च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होते. दिवसा वर्ग घ्यायचे आणि संध्याकाळी लोकमान्यनगरच्या चाळींतून फॉर्म घेऊन फिरायचं. एका खोलीत तीन कुटुंबं. पहिली बाई म्हणे आम्ही चार, दुसरी म्हणे आम्ही सगळे एकच, तिसऱ्या घरातला माणूस रात्रपाळीचा, तो भेटेपर्यंत चार खेपा. महिनाअखेरीला रात्री बेघरांची नोंद असे. एका म्हाताऱ्याने नाव सांगितलं आणि वय विचारल्यावर म्हणाला, 'बाई, तुम्हीच बघा आणि लिवा.' ठाण्याची लोकसंख्या 18,41,488 छापून आली तेव्हा त्यातल्या शेवटच्या काही शेकड्यांवर मी मनातल्या मनात माझं नाव घातलं होतं. तो आकडा कुणी भलत्या ठिकाणी वापरला की घरचं भांडं शेजाऱ्याने न विचारता नेल्यासारखं वाटतं.

शिवाय तो आकडा आता म्हातारा झालाय. 2021 ची जनगणना झालीच नाही. घोडबंदर रस्त्याला तेव्हापासून किती टॉवर उभे राहिले ते तुमच्या पुरवणीतल्या पानपानभर जाहिरातींवरून कळतंच! आजचे गुन्हे 2011 च्या माणसांनी भागले की दर फुगतो आणि जे गाव जास्त वाढलं त्याचा जास्त फुगतो. बदलापूर, पनवेल, खारघर यांच्यावर अन्याय होतो तो असा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही मोठ्या शहरांचे दर 2011 च्याच लोकसंख्येवर काढतो, पण तक्त्याखाली तसं लिहितो. तुम्हीही लिहा. एक ओळ लागते.

वरचा आकडाही तपासून घ्या, म्हणजे गुन्ह्यांचा. गेल्या वर्षी ठाणे स्टेशनच्या पुलावर माझ्या पर्समधून मोबाइल गेला. तक्रार नोंदवली लोहमार्ग पोलिसांकडे, कारण स्टेशनातला गुन्हा त्यांचा. त्यांचं आयुक्तालय वेगळं. म्हणजे ठाण्यात, ठाणेकर बाईचा, ठाण्यातच घेतलेला मोबाइल गेला आणि ठाणे आयुक्तालयाच्या मोबाइलचोऱ्यांत तो नाही! मला त्याचं दुःख नाही (मोबाइलचं आहे). पण उद्या मोबाइलचोरीचे खांब उभे कराल, तेव्हा वाशी, पनवेल, कल्याण, ठाणे या स्टेशनांवरच्या चोऱ्या आत आहेत की बाहेर, एवढं विचारून घ्या.

परवा सकाळी साडेसातला नेरूळहून नणंदेचा फोन आला. 'वहिनी, दाराला आतून साखळी लावता ना? पेपरात काय वाचतेय मी!' नणंदबाई वीस वर्षं माझ्याकडे दिवाळीला येतात, आमच्या चरईत त्यांची चप्पलसुद्धा कधी गेली नाही. मी म्हटलं, 'ताई, भागाकार करा.' त्या म्हणाल्या, 'तुमचं मास्तरकीचं राहू द्या, साखळी लावा.' आता तुमच्या चुकीपायी मला घरात ऐकून घ्यावं लागतंय. भाचीच्या सासरचे आमच्या सोसायटीत दोन खोल्या बघणार होते, तेही 'जरा थांबतो' म्हणाले. पेपरामुळेच असं मी म्हणत नाही. पण कात्रण त्यांच्या मोबाइलवर पोचलंय.

तरी नवा खुलासा छापावा, पहिल्याच पानावर, लाल खांब होता तिथेच. आतल्या पानावर शेअर बाजाराच्या खाली नको. गुन्हे कुठल्या हद्दीतले, माणसं कुठल्या हद्दीतली आणि कुठल्या वर्षीची, हे तिन्ही त्यात असू द्या. वार्ताहराला वेळ नसेल तर आकडे मला पाठवा, पेन्शनीत आहे, फुकट करून देईन.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्यात उभे शब्द 14 आणि 17 यांची उत्तरं तीन आठवडे एकमेकांत बदलून येताहेत. भागाकार करणारे आणि कोडं लावणारे एकच आहेत का?

कळावे,
आपली जुनी वाचक,
निवृत्त गणित शिक्षिका, चरई, ठाणे (पश्चिम)