तक्रार: निघण्याची तारीख शेवटची रात्र धरल्यामुळे होणारे दुहेरी बुकिंग

व्यवस्थापक, तांत्रिक विभाग,

आमच्या होमस्टेच्या वेबसाइटवरच्या तुमच्या बुकिंग कॅलेंडरमधली चूक नेमकी कुठे आहे ते दाखवूनही आज फोनवर "सिंक व्हायला वेळ लागतो, थांबा" हेच ऐकावं लागलं. म्हणून आता लेखी तक्रार करतो आहे.

पाहुणा १२ जूनला येतो आणि १४ जूनला निघतो. रात्री दोनच, १२ आणि १३. आमच्या खोल्या विकणाऱ्या ऑनलाइन बुकिंग प्लॅटफॉर्मच्या आयकॅल फाइलमध्ये हे बुकिंग असं येतं:

```
DTSTART;VALUE=DATE:20260612
DTEND;VALUE=DATE:20260614
```

आयकॅलच्या नियमानुसार DTEND चा दिवस मुक्कामात धरायचा नसतो. तुमची प्रणाली तो धरते. त्यामुळे १४ ची रात्र रिकामी असूनही आमच्या वेबसाइटवर खोली भरलेली दिसते. १४ ला येऊ पाहणारा पाहुणा तीच खोली प्लॅटफॉर्मवर मोकळी पाहून तिथे बुक करतो आणि आम्ही कमिशन भरतो. ते टाळण्यासाठीच तर तुमच्याकडून वेबसाइट करून घेतली!

उलट दिशेला हीच चूक जास्त महागात पडते. आमच्या वेबसाइटवर थेट झालेलं १२ ते १४ चं बुकिंग तुमची फाइल बाहेर पाठवते तेव्हा DTEND मध्ये 20260613 लिहिते. प्लॅटफॉर्म १३ ची रात्र मोकळी समजून विकतो आणि एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहतात. एका रात्रीच्या बुकिंगमध्ये तर दोन्ही तारखा सारख्याच होतात. अशी नोंद नियमात बसत नाही, म्हणून ती समोरून स्वीकारली जाईल याची खात्री नाही.

सिंकला उशीर झाला असता तर अख्खं बुकिंगच गायब दिसलं असतं. इथे दर वेळी फक्त शेवटची रात्र चुकते. निर्यातीची .ics लिंक ब्राउझरमध्ये टाकून फाइल उतरवा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, चूक दिसेल. हे सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "निघण्याच्या दिवशी साफसफाई असतेच ना, मग खोली बंद दिसली तर बिघडलं काय?" साफसफाई दुपारी होते, खोली रात्री विकली जाते. मी हे समजावत असताना ते म्हणाले, "एवढा त्रास होत असेल तर प्लॅटफॉर्मवरूनच बुकिंग घ्या." थेट बुकिंगची प्रणाली विकणाऱ्या कंपनीने हे सांगावं? याचा फार संताप आला.

आयात आणि निर्यात दोन्हीकडे DTEND म्हणजे निघण्याची तारीख धरा. कॅलेंडरचा हिशेब दिवसांवर न ठेवता रात्रींवर ठेवा. एक रात्र, दोन रात्री आणि महिनाअखेर ओलांडणारा मुक्काम अशा तीन चाचण्यांच्या फाइली मला पाठवा. तोवर निर्यातीची लिंक आम्ही बंद केली आहे आणि तारखा हाताने अडवतो आहोत. सात दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर वार्षिक शुल्क परत करा आणि सगळ्या बुकिंगची नोंद आमच्या हवाली करा.

— एक होमस्टे चालक