साक्ष लिहिणारा माईक

प्रिय सुमे,

फोनवर अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. आमच्या कोर्टात आता साक्षीदार बोलतो आणि स्क्रीनवर आपोआप मराठीत उमटतं, कठड्याजवळ एक माईक, साहेबांच्या टेबलावर एक, आणि मी नुसती बघत बसलेली. आपण रेमिंग्टनवर चाळीसची परीक्षा दिली, कॉम्प्युटरवरही तोच कीबोर्ड मिळाला म्हणून निभावलं, आता बोटांना कामच नाही. पहिल्या दिवशी पोटात गोळाच आला गं. स्पीड तर असला की मला कधी जमला नसता.

पण परवा बांधाच्या दाव्यात वादीचा उलटतपास होता. वकिलांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी शेतात गेलाच नव्हता ना?" म्हातारा म्हणाला, "नाही." स्क्रीनवर आलं, नाही. आता सांग, गेला होता की नव्हता? वकील म्हणाले कबूल केलं, लिहा. म्हाताऱ्याला म्हणायचं होतं की तुम्ही सांगताय ते खोटं आहे. साहेब डिक्टेट करायचे तेव्हा आधी साक्षीदाराकडून पक्कं करून घ्यायचे आणि मग सांगायचे, "मी त्या दिवशी शेतात गेलो नव्हतो, हे म्हणणे खरे नाही." माझी बोटं ते वाक्य झोपेतही टाइप करतील. जबाब म्हणजे काही सगळं बोलणं जसंच्या तसं नसतं ना, साक्षीदाराच्या तोंडचं सलग निवेदन असतं, आणि पुढे अपिलात त्यातल्या एकेका वाक्यावर भांडण होतं. मी साहेबांना हळूच म्हटलं, त्यांनी परत विचारलं, तर म्हातारा म्हणतो, "गेलो होतो की, बांध फोडलेला मीच पाहिला!"

विहीर सामायिक आहे का विचारल्यावर त्यानं नुसती मान हलवली, स्क्रीन कोरीच. आणि समोरच्या वकिलांनी मधेच हरकत घेतली ती चक्क साक्षीदाराच्या जबाबात जाऊन बसली. गट नंबर एकशे बावन्न बाय दोनचं "बाई दोन" झालं ते वेगळंच. दिवाणीत सरतपास शपथपत्रावरच येतो, कोर्टात बोलून होतो तो मुख्यतः उलटतपासच, म्हणजे जिथं शब्दाशब्दावर भांडण तिथंच हे मशीन आणून ठेवलंय.

मशीन नको असं मी म्हणत नाहीये, दुपारपर्यंत चार साक्षी होतात आता, लोकांच्या तारखा वाचतात, माझी पाठही वाचते. पण मशीननं लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल असं धरून वाचून न दाखवता सही घ्यायला लागलेत ना, ते मला अजिबात पटत नाही. मी साहेबांना सांगितलं, त्यांनीही मानलं, आता सहीआधी प्रत्येक जबाब मी साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवते, आणि नवीन लागलेला मुलगा शेजारी बसून नाही, हो आणि गट नंबर तेवढे तपासतो. हुशार आहे, पण उलटतपासाची वाक्यं त्याला ठाऊकच नाहीत. तुझ्या त्या जुन्या वहीत नमुने लिहिलेले होते ना, सापडली तर पानांचे फोटो पाठव, त्याला देते.

तुझी,
शैला