बाबा तुझ्याकडे यायच्या आधी, दुधाबद्दल

चि. सुमित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. तू म्हणालास, "आई, तुला सगळीकडे भेसळच दिसते." इतकी वर्षं डेअरीवर फॅट लावली, दुधाकडे बघायची तशी सवयच झाली आहे. पण तू सहज बोलून गेलास ते काही केल्या डोक्यातून जात नाही. नवीन टेम्पोवाल्याचं दूध अगदी पांढरंशुभ्र आहे, दोन रुपयांनी स्वस्त आहे आणि तापवलं की खिरीसारखं घट्ट होतं, असं तू कौतुकाने सांगितलंस. सोमवारी बाबा तुझ्याकडे येणार, ओवीला रोज दोन वेळा तेच दूध जातंय, आणि मी इथे बसून त्या घट्टपणाचाच विचार करते आहे.

म्हशीचं दूध असेल तर घट्ट असणारच, हे मलाही कळतं. मी त्या माणसावर आळ घेत नाही. पण नुसतं घट्ट आहे म्हणून दूध चांगलं, असं धरून चालू नकोस. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर ठरतो, आणि जो काही मिसळतो तो हे दोन आकडे सांभाळण्यासाठीच मिसळतो. तू लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून पावत्यांच्या उलट्या बाजूवर गाड्या काढायचास, तेव्हा वर तेच चाललेलं असायचं.

हिशोब करून सांगते. गाईचं 10 लिटर दूध घे, फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5. म्हणजे त्यात ढोबळमानाने 350 ग्रॅम स्निग्धांश आणि 850 ग्रॅम बाकीचा घन भाग, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. यात कुणी 2 लिटर पाणी ओतलं की 12 लिटर झालं, पण फॅट 2.9 वर येते आणि एसएनएफ 7.1 वर. लॅक्टोमीटर लगेच खाली जातो आणि दूध परत जातं. मग आकडे पुन्हा जागेवर आणायला सुमारे 70 ग्रॅम फॅट आणि 170 ग्रॅम घन पदार्थ कुठून तरी आणायचे. दूध पावडर घातली तर फायदा उरत नाही. म्हणून जे स्वस्त, पांढरं आणि विरघळणारं असेल ते शोधतात.

युरिया तिथे येतो. आपल्याकडे 45 किलोची गोणी 300 रुपयांच्या आत मिळते. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, रंग येत नाही, घनता वाढते. आणि त्यात 46 टक्के नायट्रोजन असतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.38 ने गुणतात. म्हणजे 1 ग्रॅम युरिया कागदावर जवळजवळ 3 ग्रॅम प्रथिन म्हणून दिसतो, आणि पोटात एक कणही प्रथिन जात नाही. ते सगळे 170 ग्रॅम युरियाचेच घालता येत नाहीत, कारण चव बिघडते आणि साध्या तपासणीतही पकडलं जातं. दुधात मुळातच थोडा युरिया असतो, 100 मिलिलिटरला 70 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. एवढा ओतला तर तो 1400 च्या वर जाईल. म्हणून थोडा युरिया, थोडा स्टार्च, थोडी साखर असं मिश्रण करतात.

आता बाबांचं. घाबरवायला लिहीत नाही, आधीच सांगते. धडधाकट माणसाचं यकृत रोज 20 ते 30 ग्रॅम युरिया स्वतःच बनवतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. भेसळीच्या दुधात लिटरला 5 ग्रॅम युरिया आहे असं धरलं तरी एका पेल्यातून 1 ग्रॅम जातो. तुझ्यासारख्याला त्याने लगेच काही होणार नाही. पण ज्याची मूत्रपिंडं स्वतःच्या शरीरातलाच युरिया काढू शकत नाहीत, त्याला वरून तोच पाजायचा? बाबांच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये आपण ब्लड युरियाचा आकडा आधी बघतो. डॉक्टरांनी मोजून एक कप दूध दिलंय, कारण त्यात चांगलं प्रथिन आहे. त्या एका कपात प्रथिनाच्या जागी युरिया निघाला तर पथ्याचा सगळा हिशोब उलटा होतो, आणि आपण मात्र गोळ्यांना दोष देत बसू. शिवाय शेताचा युरिया खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. त्यात बाययुरेट असतं, आणि 2015 पासून त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला ते चालतं, आजारी माणसाच्या कपात नको.

स्टार्चचं वेगळं आहे. मक्याचा स्टार्च, आरारूट, मैदा, जे हाताशी असेल ते. पाणी घातलेलं दूध पातळ दिसतं, ते यांनी दाट दिसतं आणि एसएनएफही वाढतो. स्टार्चचा गुण असा, की थंड असताना तो गप्प असतो आणि तापल्यावर फुगतो. म्हणून तुझं ते "तापवलं की घट्ट होतं" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. स्टार्च काही विष नाही, ओवी वरण-भात खाते त्यातही तेच असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तो नीट पचत नाही, जुलाब होतात. ओवी आता दीड वर्षाची आहे, तिला पचेल. मला काळजी आहे ती पोट भरण्याची. पेला संपवल्यावर ती जेवत नाही असं सायली म्हणाली होती. पेल्यातला सहावा भाग पाणी आणि त्या पाण्याला घट्ट करायला पीठ असेल, तर तिचं पोट भरतं पण कॅल्शियम आणि प्रथिन तेवढं कमी जातं. त्यात ते पाणी कुठल्या टाकीतलं, कोण जाणे. आणि नंदाकाकू राहायला आल्या की त्यांच्या चहातही तेच दूध. साखर घेत नाही म्हणतात बिचाऱ्या, आणि दुधातला स्टार्च पोटात गेला की त्याची साखरच होते.

बघ, व्याख्यान झालं. तुला हे आवडत नाही ते माहीत आहे, माफ कर. पण डिटर्जंटचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिघांत मला त्याचीच जास्त चीड आहे.

70 ग्रॅम फॅट कमी पडली होती, आठवतं ना? ती खाद्यतेलाने भरतात. पण तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते बारीक थेंबांत फोडून धरून ठेवायला डिटर्जंट लागतो. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. मग ते दुधासारखं पांढरं दिसतं, वर दुधासारखा फेसही येतो. फॅटच्या यंत्राला तूप आणि तेल यातला फरक कळत नाही, ते फॅट लागली म्हणून सांगतं. पण डिटर्जंट पोटात गेल्यावर थांबत नाही. आतड्याच्या अस्तरावर जो बुळबुळीत संरक्षक थर असतो आणि खालच्या पेशींची जी पातळ स्निग्ध पापुद्री असते, त्यांनाही तो तसाच धरतो. मळमळ, उलटी, जुलाब ही लगेच दिसणारी लक्षणं. रोज थोडं थोडं जात राहिलं तर अस्तर चिडलेलंच राहतं. धुण्याच्या पावडरीत सोडाही असतो, म्हणजे सोडियम. बाबांच्या भाजीत आपण मीठ चिमटीने मोजतो. ओवीला मागच्या महिन्यात दोनदा जुलाब झाले, तू दात येतायत म्हणालास. दातांनीच झाले असतील. मी फक्त विचारते आहे.

एक दिवस तुझ्या मामाच्या सासरकडचे एक जण कॅन घेऊन आले होते. मशीनवर सगळं बरोबर. मला वास थोडा वेगळा वाटला, म्हणून परीक्षानळीत 5 मिलिलिटर दूध घेतलं, त्यात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ घालून हलवलं आणि पाच मिनिटं ठेवलं. मग लाल लिटमसचा कागद अर्ध्या मिनिटासाठी बुडवला. बाहेर काढला तेव्हा टोकाकडून निळा होत वर चढत होता. तुरीत युरियेज नावाचं विकर असतं, ते युरियाचा अमोनिया करतं आणि अमोनिया कागद निळा करतो. मी कॅन परत केला. त्या दिवसापासून मामी वर्षभर आपल्याकडे आल्या नाहीत, तुला ती दिवाळी आठवत असेल. बाबा मात्र रात्री म्हणाले, बरं केलंस. एवढंच म्हणाले.

हे तूही घरी करू शकतोस. लिटमस प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. शेजारी पिशवीच्या दुधाचाही तसाच नमुना ठेव, म्हणजे तुलना करता येईल. स्टार्चसाठी 2-3 मिलिलिटर दुधात 5 मिलिलिटर पाणी घालून उकळ, पूर्ण थंड होऊ दे आणि टिंक्चर आयोडीनचे 2-3 थेंब टाक. निळं झालं तर स्टार्च आहे. गरम दुधात टाकू नकोस, उष्णतेने तो निळा रंग जातो आणि दूध निर्दोष वाटतं. डिटर्जंटसाठी दूध आणि पाणी समान घेऊन बाटलीत जोराने हलव. दाट फेस आला आणि तो बसला नाही तर संशय घे. चांगल्या दुधावर पातळ फेसाचा थर येतो. ही शेवटची चाचणी कच्ची आहे, थोडा डिटर्जंट असेल तर त्यात कळणार नाही. आणि उकळल्याने यातलं काहीही निघून जात नाही. उकळून जंतू मरतात, बस.

तू म्हणशील, बातम्या वाढवून सांगतात. सांगतात, खरं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 ला देशभरातून 6,432 नमुने घेतले होते, त्यात युरिया, डिटर्जंट यांसारखी घातक भेसळ 12 नमुन्यांत निघाली. पाणी घालणं कितीतरी जास्त चालतं. भारतातल्या 87 टक्के लोकांना दुधाने कॅन्सर होणार असा जो मेसेज फिरतो, तसा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेलाच नाही, हे सरकारने 2019 लाच स्पष्ट केलं. हे सगळं माहीत असूनही मी तुला लिहिते आहे, कारण माझ्या समोर 6,432 नमुने नाहीत, बाबांचा एक कप आणि ओवीचा पेला आहे.

तू तिथे सगळं सांभाळतोस, घराचे हप्ते, सायलीची शिफ्ट, आता बाबांना महिनाभर नेतोयस. शेजारच्या आजी विचारतात तेव्हा मी हे सगळं सांगत बसते. तुझ्यावर माझा विश्वास नाही असं वाटून घेऊ नकोस. पण रविवारी आयोडीन तेवढं आण. घरपोच येतं, म्हणजे दूध चांगलं, असं नसतं. परत तेच लिहिलं मी.

बाबांची फाईल हिरव्या पिशवीत दिली आहे, वर जूनचा रिपोर्ट आहे. एसटी शिवाजीनगरला साडेअकराला पोचेल. ते उतरल्यावर चहा मागतील, तो त्या दिवशी पिशवीच्या दुधाचा कर.

तुझी,
आई