रविवारच्या कौटुंबिक बैठकीचा वृत्तांत : दादासाठी व गटातील सर्वांसाठी

ती. दादास सा. न. वि. वि.

रविवारी आईसमक्ष आणि तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या बैठकीचा बराचसा वेळ तिच्या रात्रीच्या पडण्यावर गेला. महिन्याभरात ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठतानाच पडली, त्यामुळे ‘पाय घसरला’ हे तिचे म्हणणे मला पटत नव्हते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ताईने तिचा रक्तदाब आधी पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजला. तेव्हा वरचा आकडा १४२ वरून ११४ वर आलेला दिसला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर भोवळ येऊन पडण्याचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण व वेळ डॉक्टर शुक्रवारी ठरवतील. तोपर्यंत कोणीही गोळी परस्पर बंद करू नये.

उठताना आईने पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे, असे ठरले. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा बसवून झाला आहे. रात्रीच्या मदतनीस बाईंना मात्र आईने स्पष्ट नकार दिला. तिचे ते बोलणे ध्वनिमुद्रणात शेवटी आहे. माझ्या शब्दांवर न जाता ते तू स्वतः ऐकावेस आणि गुरुवारपर्यंत तिच्याशी थेट बोलावेस, ही विनंती. ध्वनिमुद्रण गटाबाहेर कोणीही पाठवू नये.

तुझी धाकटी बहीण