काचेचा म्हणून पाठवलेला गोळा काचेचा नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: फोटोग्राफीसाठी घेतलेला ८० मिमी 'ऑप्टिकल काचेचा' गोळा प्लास्टिकचा निघाल्याबाबत (बिलाची प्रत सोबत)

महोदय,

तुमच्याकडून दोनदा एकच उत्तर आलं आहे, म्हणून आधी हे सांगतो: गोळ्यातून दृश्य उलटं दिसतं, ही माझी तक्रार नाही. उलटं दिसावं म्हणूनच मी १,८५० रुपये मोजले. त्याआधी दोन हिवाळे मेहुण्याच्या दिंडोरीच्या बागेत द्राक्षाच्या पानावरच्या दवबिंदूंतून फोटो काढत होतो. थेंबात मागचा अख्खा घड उलटा लटकलेला दिसतो, पण वारा जरा हलला की सगळं गेलं. गोळा एका जागी बसतो, एवढ्यासाठी तो घेतला.

पहिल्याच रविवारी पहाटे गोदाघाटावर गेलो. गोळा रबरी कड्यावर ठेवला आणि नारोशंकराच्या देवळाचं शिखर बरोबर मध्यावर घेतलं. कडेचं दृश्य ताणलं जातं आणि पुसट होतं, ते कुठल्याही गोळ्यात होतं. त्याबद्दल मी बोलत नाही. फोकसही गोळ्याच्या पृष्ठभागावर केला नव्हता. दूरच्या दृश्याची उलटी प्रतिमा गोळ्याच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला, साधारण दोन सेंटिमीटरवर हवेत तयार होते. मॅन्युअल फोकस तिथेच आणला होता. तरीही फोटो मोठा करून पाहिला, तर शिखर मध्येच मोडल्यासारखं दिसलं: कळस एकीकडे, खालचा भाग केसभर दुसरीकडे, आणि सगळ्यावर दुधाळ धूसर थर.

आधी लेन्सवर संशय घेतला. मग कॅमेरा तसाच ठेवून गोळा पाव वळसा फिरवला. आडवा असलेला मोड उभा झाला, म्हणजे दोष गोळ्यात. घरी अंधारात मोबाइलच्या टॉर्चखाली फिरवून पाहिला, तेव्हा कमरेभोवती बारीक रेघ दिसली, साच्याचे दोन अर्धे जुळतात तशी. धूसरपणाचं कारणही कळलं: चष्मा पुसायच्या कापडाने चार-पाचदा पुसल्यावर त्यावर गोल गोल बारीक ओरखडे उठले होते. दगडावर मी तो एकदाही टेकवलेला नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर विचारलं, 'प्लास्टिक आहे हे कशावरून?' प्रश्न योग्य होता, म्हणून उत्तर मोजून देतो. पातेलं काठोकाठ भरलं, खाली परात ठेवली, गोळा पूर्ण बुडवला आणि सांडलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतलं. ते सुमारे २७० मिलि भरलं. ८० मिमी व्यासाच्या गोळ्याचं घनफळ गणितानेही २६८ घन सेंमी येतं, म्हणजे मापात तुम्ही फसवलेलं नाही. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. ३१९ ग्रॅम! जाहिरातीत लिहिलेली के-९ काच एका घन सेंटिमीटरला साधारण अडीच ग्रॅम भरते, तेव्हा या आकाराचा गोळा पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास हवा. मला मिळालेला निम्म्याहूनही कमी आहे. ३१९ला २६८ने भागलं की १.१९ येतात, आणि ते आहे ॲक्रिलिकचं वजन. दुकानदार म्हणाला, 'दादा, एवढ्या वजनाची काच असती तर आमच्या बरण्या उचलायला हलक्या झाल्या असत्या.'

ॲक्रिलिकचे गोळे विकण्यात गैर काही नाही. ते स्वस्त असतात, पडले तरी सहसा फुटत नाहीत, लहान मुलांच्या हातात द्यायला बरे. पण मग तसं लिहा आणि तसेच पैसे घ्या. तुमच्या जाहिरातीत 'ऑप्टिकल काच' तीनदा आहे, 'ॲक्रिलिक' एकदाही नाही, आणि खोक्यावर वजन छापलेलंच नाही.

'वापरलेली वस्तू परत घेत नाही' हे तुमचं कारण इथे लागू होत नाही. मी आवड बदलली म्हणून परत करत नाहीये; सांगितलेली वस्तू मला मिळालेलीच नाही. काट्यावरचा फोटो, टॉर्चखालच्या रेघेचा फोटो आणि गोळा फिरवण्याआधीचे-नंतरचे दोन फोटो सोबत जोडले आहेत.

माझी मागणी अशी: १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी आणि गोळा तुमच्या खर्चाने घरून न्यावा. बदली गोळा देणार असाल, तर पाठवण्याआधी काट्यावर ठेवलेला त्याचा फोटो पाठवावा. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

एक गोष्ट राहिली. खोक्यात उन्हाबद्दल इशाऱ्याची चिठ्ठी नव्हती. दुपारी गोळा खिडकीत राहिला आणि खालच्या वर्तमानपत्राला वाटाण्याएवढं भोक पडलं. सूर्याची प्रतिमाही त्याच दोन सेंटिमीटरवर पडते. ती चिठ्ठी तेवढी टाकत जा, गोळा काचेचा असो वा ॲक्रिलिकचा.

आपला,
एक ग्राहक
पंचवटी, नाशिक