बाळ दूध टाकतंय म्हणून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू विचारलंस, "बाळ दूध का टाकतंय, डॉक्टर काय म्हणाले?" त्यांना नुसतं 'खूप टाकतो' लिहून उपयोग नव्हता, म्हणून तीन दिवसांची वही ठेवली आणि तेच पत्रात उतरवलं.

वय 7 आठवडे. 20 दिवसांपूर्वी वजन 3.7 किलो, आता त्याच काट्यावर 4.4. म्हणजे रोज 35 ग्रॅम. या वयात 20 ते 30 पुरे असतात. पावडरचं दूध दिवसाला 8 वेळा, दर खेपेला 110 मिलि. एकूण 880, म्हणजे किलोमागे 200. साधारण 150 लागतं. टाकलेलं दूध नेहमी डोळ्यांना जास्त दिसतं, म्हणून कोरड्या लंगोटावर मोजून 10 मिलि पाणी ओतलं. डाग त्याच्या डागाएवढाच आला!

बाटली पाच मिनिटांत संपते, मधेच तो पाठ ताणून तोंड फिरवतो, हेही लिहिलं. बाटली उलटी धरली तर थेंब-थेंब पडायला हवं, आमच्या बाटलीच्या निपलची धारच लागत होती. एवढ्या धारेत तो हवाही गिळतो, मग रडतो, आणि आपण भूक समजून आणखी पाजतो.

डॉक्टरांनी मंद धारेचं निपल आणि 80 ते 85 मिलि सांगितलं. पाजताना बाळ अर्धवट बसतं आणि बाटली जवळजवळ आडवी, म्हणजे पिणं 15-20 मिनिटं चालतं. अर्ध्यावर एक ढेकर, शेवटी एक, आणि नंतर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं. तोंड फिरवलं की थांबायचं, उरलं तर ओतून द्यायचं. (बाबांना हे जड जाईल.)

अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून सैल आहे आणि पोटात सगळं पातळच, त्यामुळे थोडं येणारच. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सर्वात जास्त असतं, वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं.

आई, गुटी आणि ग्राइप वॉटर नको, मध तर वर्षभर अजिबात नाही. पालथं निजवल्याने टाकणं कमी दिसेल, पण झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. निजवायचं उताणंच, उशीशिवाय.

तुम्ही इथे असाल आणि आम्ही घरी नसू तेव्हा एवढं बघा: ओकारी हिरवी किंवा रक्ताची, दर पाजण्यानंतर लांब उडणारी, 38 अंशांवर ताप, किंवा शूचे लंगोट दिवसात सहाहून कमी. यातलं एकही दिसलं तर फोनची वाट न बघता थेट दवाखान्यात. विशेषतः लांब उडणारी ओकारी: या वयात कधीकधी जठराचं आतड्याकडचं तोंड जाड होऊन अडतं, आणि बाळ ओकून लगेच पुन्हा भुकेलं होतं.

नवं निपल कालच बसवलंय. शनिवारी त्याच काट्यावर वजन आहे, कळवतो.

तुमचा,
बाळ्या