कर्ज मिळेल, पण आधीची रोकड?

महोदय,
'ऐंशी टक्के कर्ज, वीस टक्के भरा, घर तुमचे' असे फलक सध्या विश्रामबाग परिसरात दिसतात. हिशेब मात्र तिथे संपत नाही. समजा सांगलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ४० लाखांचा फ्लॅट घेतला. बँक ३२ लाख देईल, ८ लाख आपले. शिवाय महापालिका हद्दीत अधिभारासह सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख ४० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार आणि परवडणाऱ्या घराच्या निकषात बसल्यास एक टक्का जीएसटी, ४० हजार. हातात ११ लाख १० हजार हवेत. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळीच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १० लाखांवरच्या घरासाठी कर्जाची टक्केवारी काढताना मुद्रांक आणि नोंदणी खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत. त्यात करारनामा नोंदवल्याशिवाय बँक सहसा पहिला हप्ताही सोडत नाही, म्हणजे हे पैसे कर्जाच्या आधीच लागतात. सरकारने ठरवलेला रेडीरेकनरचा दर करारापेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या चढ्या रकमेवर बसते. बुकिंगपूर्वी हा दर पाहायलाच हवा, विक्री प्रतिनिधी तो आपणहून सांगत नाहीत.

फ्लॅट केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, इथे ४० हजार. हौसेने नवऱ्याचे नाव जोडले की ती गेली!

बिल्डरांनी किमतीसोबत ही एकूण रोख रक्कमही छापावी.

– एक वाचक, सांगली